पक्षाघाताच्या सीटी रिपोर्टमध्ये आधी काय यावे

पक्षाघाताचा संशय असलेल्या रुग्णाच्या डोक्याचा सीटी स्कॅन झाला, की कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांना त्यावरून लगेच दोन गोष्टी ठरवायच्या असतात. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन द्यायचे का, आणि धमनीत नळी घालून गुठळी बाहेर काढणाऱ्या केंद्राकडे रुग्णाला पाठवायचे का. आपल्याकडचा प्रचलित रिपोर्ट मात्र या दोन प्रश्नांच्या क्रमाने लिहिलेला नसतो. तो शरीररचनेच्या क्रमाने चालतो: मेंदूचा पृष्ठभाग, आतील केंद्रके, व्हेंट्रिकल्स, छोटा मेंदू, कवटीची हाडे, सायनस, आणि सर्वांत शेवटी ‘इम्प्रेशन’. ओपीडीतून डोकेदुखीसाठी पाठवलेल्या रुग्णाला हा क्रम चालून जातो. पक्षाघाताच्या रिपोर्टचा वरचा भाग मात्र ठरावीक साच्यात असावा, वेळेशी बांधलेल्या निष्कर्षांनी त्याची सुरुवात व्हावी, आणि तो भाग उरलेल्या रिपोर्टची वाट न पाहता पोचवला जावा, असे माझे रेडिओलॉजिस्ट म्हणून ठाम मत आहे. सरकारी रुग्णालयांचे सीटी रिपोर्ट आता अनेक ठिकाणी दूरवरच्या केंद्रात बसलेले डॉक्टर लिहितात. त्यामुळे हा प्रश्न केवळ लेखनशैलीचा राहिलेला नाही, तो करारात काय लिहायचे याचाही झाला आहे.

वेळेचे बंधन नेमके काय आहे ते आधी पाहू. रुग्ण शेवटचा ठणठणीत दिसला त्या क्षणापासून साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवणारे औषध देता येते, ही आजची सर्वमान्य मर्यादा आहे. मात्र साडेचार तासांपर्यंत लाभ एकसारखा टिकून राहतो असे नाही. गुठळी विरघळवणाऱ्या अल्टेप्लेज या औषधाच्या सर्व मोठ्या चाचण्यांचे २०१४ साली एकत्रित विश्लेषण झाले. पहिल्या तीन तासांत औषध दिलेल्या दर शंभर रुग्णांमागे, औषध न दिलेल्यांच्या तुलनेत, सुमारे दहा जण अधिक जवळजवळ पूर्ण बरे झाले, तर तीन ते साडेचार तासांच्या टप्प्यात हा फरक पाचांवर आला. म्हणजे मर्यादेच्या आत राहूनही रिपोर्टची वाट पाहण्यात गेलेला वेळ रुग्णाच्याच खात्यातून वजा होत असतो.

आता एक काल्पनिक, पण आपल्या जिल्हा रुग्णालयांत सहज भेटेल असा रुग्ण घेऊ. मराठवाड्यातील एका गावातल्या बासष्ट वर्षांच्या बाई सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी चुलीपाशी नीट बोलत होत्या, असे सून सांगते. अर्ध्या तासाने त्या खाली बसलेल्या सापडल्या, उजवा हात उचलत नव्हता आणि शब्द फुटत नव्हते. वाहन मिळून जिल्ह्याच्या ठिकाणी पोचेपर्यंत आठ वीस झाले. आठ चाळीसला सीटी झाला आणि प्रतिमा दुसऱ्या शहरातल्या रेडिओलॉजिस्टकडे गेल्या. साखर १४२, रक्तदाब १६८/९४, वजन साठ किलो, रक्त पातळ करणारे कोणतेही औषध चालू नाही. साडेचार तासांची मुदत दहा चाळीसला संपते.

प्रचलित पद्धतीचा रिपोर्ट नऊ पस्तीसला येतो. त्यात पहिल्या परिच्छेदात वयोमानाने मेंदू आक्रसल्याचे वर्णन आहे, मग पांढऱ्या भागातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या जुन्या बदलांचे, मग उजव्या ऑक्सिपिटल भागातील इन्फार्क्टचे, म्हणजे रक्तपुरवठा तुटून मेलेल्या भागाचे. त्यानंतर डाव्या इन्सुलात, म्हणजे पृष्ठभागाच्या आत दुमडलेल्या भागात, राखाडी आणि पांढऱ्या भागांतील फरक किंचित पुसट वाटतो, असे एक वाक्य आहे. पुढे मॅक्सिलरी सायनसमधली सूज. इम्प्रेशनमध्येही हाच क्रम आहे: पहिला मुद्दा वयोमानाचे बदल, दुसरा उजवीकडील इन्फार्क्ट, तिसरा ‘डावीकडे इस्केमियाचा प्रारंभ असू शकतो, एमआरआय करून पडताळावे’. इस्केमिया म्हणजे रक्तपुरवठा कमी पडणे. रक्तस्राव नाही हे कुठेच स्पष्ट लिहिलेले नाही. तसा उल्लेख नाही म्हणजे तो नाही, असे वाचणाऱ्याने समजून घ्यायचे.

या रिपोर्टमध्ये एकही विधान खोटे नाही. तरीही कॅज्युअल्टीत एकट्या असलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या हातात तो पडला की काय होईल याचा विचार करावा. रुग्णाची उजवी बाजू गेली आहे, म्हणजे बिघाड मेंदूच्या डाव्या बाजूला हवा, आणि रिपोर्ट ठळकपणे उजवीकडच्या इन्फार्क्टबद्दल बोलतो. तो जुना की ताजा, याचा खुलासा नाही. डावीकडच्या गोष्टीपुढे ‘असू शकतो’ आहे आणि एमआरआयचा सल्ला आहे. एमआरआय गावातल्या दुसऱ्या टोकाच्या खासगी केंद्रात होतो. अधिकारी फिजिशियनना फोन करतात, फिजिशियन विचारतात, ‘ब्लीड आहे का?’, आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी पुन्हा रेडिओलॉजिस्टचा नंबर शोधला जातो. दहा चाळीस अशाच फोनाफोनीत होऊन जातात.

त्याच प्रतिमांवरून, आठ बावन्नला फोनवर सांगून, लगोलग पाठवलेल्या रिपोर्टच्या पहिल्या ओळी कशा असाव्यात ते आता पाहू. प्रत्यक्षात त्या इंग्रजीत असतील, आणि त्यातल्या ॲस्पेक्ट्स या गुणांकाचा अर्थ पुढे येईल. आशय असा:

रक्तस्राव: नाही.

ठळक व विस्तृत काळसर भाग: नाही. इस्केमियाच्या प्रारंभिक खुणा: डावा इन्सुला आणि डावे लेंटिफॉर्म केंद्रक, ॲस्पेक्ट्स ८.

दाट दिसणारी धमनी: डावी मिडल सेरेब्रल, एम-१ भाग. बेसिलर दाट नाही.

पक्षाघाताचा भास निर्माण करणारे दुसरे कारण: दिसत नाही.

कळवले: ८.५२, कॅज्युअल्टी वैद्यकीय अधिकारी, फोनवर. ऐकलेले त्यांनी परत म्हणून दाखवले.

उजव्या ऑक्सिपिटल भागातील इन्फार्क्ट, आक्रसलेला मेंदू आणि सायनस यांची नोंद त्याखाली सविस्तर रिपोर्टमध्ये येईल, आणि तिथे इन्फार्क्टपुढे ‘जुना’ हा शब्द असेल. त्या ठिकाणी मेंदूचे आकारमान घटले आहे आणि शेजारचे व्हेंट्रिकल त्या बाजूला ओढले गेले आहे, त्यामुळे तो जुना ठरतो. वरच्या ओळी वाचून फिजिशियन नऊच्या सुमाराला ठरवू शकतात: साठ किलोसाठी ५४ मिलिग्रॅम अल्टेप्लेज, त्यातले दहावा हिस्सा म्हणजे ५.४ मिलिग्रॅम लगेच आणि बाकी तासाभरात. टेनेक्टेप्लेज हे त्याच प्रकारचे दुसरे औषध असेल तर १५ मिलिग्रॅम एकाच वेळी. एम-१ मध्ये, म्हणजे मिडल सेरेब्रल धमनीच्या सुरुवातीच्या भागात, गुठळी असण्याची दाट शक्यता कळल्यामुळे ॲम्ब्युलन्स आणि मोठ्या केंद्राशी बोलणे इंजेक्शनच्या बरोबरीनेच सुरू होते, त्यानंतर नाही.

या ओळींचा क्रम आवडीनिवडीवर ठरलेला नाही, त्यांच्यावर अवलंबून असलेल्या निर्णयांवर ठरलेला आहे. रक्तस्राव पहिला, कारण तो असेल तर औषध द्यायचेच नाही आणि उपचाराची सारी दिशा बदलते. म्हणून तिथे ‘आहे’, ‘नाही’ आणि ‘अनिश्चित’ असे तीनच पर्याय असावेत, आणि तिसरा निवडला तर कारण लिहिणे सक्तीचे असावे. अनिश्चितता खरी असते: बेसल गँग्लियामधील कॅल्शियम रक्तासारखे पांढरे दिसते, रुग्ण हलल्यामुळे कवटीलगत पट्टे उमटतात, आणि तीव्र रक्तक्षय असलेल्या रुग्णात, जो आपल्याकडे दुर्मीळ नाही, ताजे रक्तही आसपासच्या मेंदूइतकेच करडे दिसू शकते. अशा वेळी ‘स्पष्ट रक्तस्राव दिसत नाही’ या गुळगुळीत वाक्यामागे लपण्यापेक्षा ‘अनिश्चित, उजव्या ग्लोबस पॅलिडसमध्ये पांढरा ठिपका, कॅल्शियम असण्याचा संभव अधिक, कारण डावीकडेही तसाच आहे’ असे लिहिणे वाचणाऱ्याला उपयोगी पडते. रक्तस्राव असेल तर पुढच्या ओळी बदलतात. जागा, लांबी-रुंदी-उंचीचा गुणाकार करून दोनने भागून काढलेले अंदाजे आकारमान, व्हेंट्रिकलमध्ये रक्त उतरले आहे का, मध्यरेषा किती सरकली आहे, आणि छोट्या मेंदूतला रक्तस्राव असेल तर चौथे व्हेंट्रिकल दबले आहे का, हे सर्व वर यायला हवे, कारण न्यूरोसर्जनला रात्री उठवायचे की नाही हे त्यावर ठरते.

दुसऱ्या ओळीत मी दोन गोष्टी मुद्दाम वेगळ्या ठेवल्या आहेत, आणि माझ्या मते सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. मेंदूचा मोठा भाग स्पष्टपणे काळसर झाला असेल तर तो भाग मेलेला आहे. तिथे गुठळी विरघळवली तर लाभ कमी आणि रक्तस्रावाचा धोका जास्त. याउलट इन्सुलाची कड पुसट होणे किंवा लेंटिफॉर्म केंद्रकाची सीमा हरवणे या प्रारंभिक खुणा आहेत, आणि केवळ त्या दिसतात म्हणून औषध नाकारायचे नसते. रिपोर्टमध्ये दोन्हींना ‘अर्ली इन्फार्क्ट’ असे एकच नाव दिले की वाचणारा सर्वांत भीतिदायक अर्थ घेतो आणि इंजेक्शन कपाटातच राहते.

ॲस्पेक्ट्स हा त्यासाठीच २००० साली मांडलेला गुणांक आहे. मिडल सेरेब्रल धमनीच्या क्षेत्राचे दहा भाग पाडलेले आहेत: कॉडेट, लेंटिफॉर्म, इंटर्नल कॅप्सूल, इन्सुला आणि पृष्ठभागाचे सहा तुकडे, दहापासून सुरू करून बाधित भागागणिक एक गुण वजा करायचा. आकडा छोटा असतो, फोनवर नीट ऐकू जातो आणि दुसऱ्या शहरातल्या डॉक्टरला लगेच कळतो. पण दोन अनुभवी माणसांच्या मोजणीतही एक-दोन गुणांचा फरक पडतो, म्हणून आकड्याबरोबर बाधित भागांची नावे लिहिलीच पाहिजेत. ‘ॲस्पेक्ट्स ५’ एवढेच वाचून रुग्णाला न पाठवण्याचा निर्णय कुणी घेऊ नये. सुरुवातीच्या चाचण्यांत गुठळी काढण्यासाठी सहा किंवा त्याहून जास्त गुणांचे रुग्ण निवडले जात. २०२२ आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांनी तीन ते पाच गुणांच्या निवडक रुग्णांनाही लाभ होतो हे दाखवले. रेडिओलॉजिस्टने आकडा द्यावा, दरवाजा बंद करण्याचे काम त्या आकड्यावर सोपवू नये.

तिसरी ओळ धमनीची. गुठळीने भरलेली धमनी पांढरी, दाट रेघ होऊन दिसते. ती दिसली तर तिच्यावर बराच विश्वास ठेवता येतो, पण दिसली नाही म्हणून धमनी मोकळी आहे असे मुळीच म्हणता येत नाही. पाच मिलिमीटर जाडीच्या कापांत ती अनेकदा हरवते आणि एक मिलिमीटरच्या कापांत सापडते. म्हणून तंत्रज्ञाने आधी जाड काप पाठवावेत, म्हणजे रक्तस्रावाचे उत्तर लगेच मिळेल, आणि पाठोपाठ पातळ काप पाठवावेत. धमनीच्या भिंतीत कॅल्शियम असेल किंवा रक्त नेहमीपेक्षा दाट असेल तर भास होतो, पण रक्त दाट असताना दोन्ही बाजूंच्या धमन्या सारख्याच दाट दिसतात. म्हणून दुसऱ्या बाजूशी तुलना केल्याचे त्याच ओळीत दिसावे. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त देणाऱ्या बेसिलर धमनीला स्वतंत्र जागा दिली आहे, कारण मागच्या भागात कवटीच्या जाड हाडांमुळे प्रतिमा खराब होते, तिथला इस्केमिया सीटीवर बहुधा दिसतच नाही, आणि चक्कर, दुहेरी दिसणे, शुद्ध हरपणे अशा तक्रारी असलेल्या रुग्णात दाट बेसिलर हीच एकमेव खूण हाती लागू शकते. साच्यात तिची ओळ नसेल तर घाईत तिच्याकडे पाहायचे राहून जाते.

इथे फोनवरच्या फोटोबद्दल लिहायलाच हवे. व्ह्यू-बॉक्सवर लावलेल्या फिल्मचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून मत घेण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे. मोठा रक्तस्राव त्यात दिसतो. प्रारंभिक इस्केमिया मात्र त्यात पुसून जातो, कारण छापील फिल्मचा करडेपणा एकदा ठरला की बदलता येत नाही. रेडिओलॉजिस्ट संगणकावर विंडोची, म्हणजे करड्या छटांत दाखवल्या जाणाऱ्या घनतेच्या पट्ट्याची, रुंदी नेहमीच्या ऐंशीवरून चाळीसपर्यंत खाली आणतो, तेव्हा कुठे इन्सुलाची हरवलेली कड नजरेत भरते. फोटोवरून मत दिले असेल तर रिपोर्टमध्ये तसे नमूद व्हावे.

पहिल्या एक-दोन तासांत केलेला स्कॅन पुष्कळदा पूर्णपणे नेहमीसारखा असतो. तिथे ‘लक्षणीय दोष आढळला नाही’ हे वाक्य धोक्याचे आहे. नातेवाइकांना आणि कधी डॉक्टरांनाही त्याचा अर्थ ‘पक्षाघात नाही’ असा लागतो. साच्यातच पक्के वाक्य असावे: रक्तस्राव नाही, इस्केमियाची खूण अद्याप दिसत नाही, यावरून पक्षाघात नाही असे ठरत नाही. औषधाचा निर्णय अशा वेळी लक्षणे आणि घड्याळ यांवर घ्यायचा असतो, आणि हे रिपोर्टने न बोलता सोडू नये. ‘एमआरआय करून पडताळावे’ हा सल्ला द्यायचाच असेल तर त्यासाठी उपचार थांबवू नयेत, हेही लिहावे.

चांगल्या रिपोर्टचे निम्मे श्रेय पाठवणाऱ्याकडेही जाते. ‘सीव्हीए, सीटी ब्रेन’ एवढ्या चिठ्ठीवर कुणी काय शोधायचे? कोणती बाजू कमजोर आहे, रुग्ण शेवटचा ठीक केव्हा दिसला, रक्त पातळ करणारे औषध चालू आहे का, आणि उत्तर कोणत्या नंबरवर कळवायचे, या चार गोष्टी आल्याशिवाय तंत्रज्ञाने प्रतिमा पाठवूच नयेत असे मी म्हणणार नाही, कारण त्यातही वेळ जाईल. पण त्या प्रतिमांबरोबर आल्याच पाहिजेत. बाजू आधी कळली तर नजर पूर्वग्रहित होते, हा आक्षेप काही सहकारी घेतात. त्यावर उपाय साधा आहे: आधी दोन्ही बाजू पाहाव्यात, मग चिठ्ठी वाचावी, आणि सांगितलेल्या बाजूला पुन्हा जावे. सूक्ष्म खुणा बहुधा या दुसऱ्या फेरीत सापडतात.

साच्याविरुद्धचा खरा वजनदार आक्षेप वेगळा आहे. २००९ साली ‘रेडिओलॉजी’ या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. निवासी डॉक्टरांना पक्षाघाताचा संशय असलेल्या रुग्णांचे मेंदूचे एमआरआय रिपोर्ट संगणकीय साच्यात लिहायला दिले, तेव्हा अचूकता आणि परिपूर्णता वाढली नाही, उलट नेहमीच्या पद्धतीपेक्षा कमी पडली. हा निष्कर्ष टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. खाली उतरणाऱ्या याद्यांतून प्रत्येक शब्द निवडत बसावे लागले की डोळे प्रतिमेवरून हटून फॉर्मवर जातात, आणि विचारपूर्वक लिहायची गोष्ट टिचकीवर भागते. म्हणूनच साचा फक्त वरच्या चार-पाच ओळींपुरता असावा आणि त्याखालचे सारे मोकळ्या गद्यात लिहिण्याचे स्वातंत्र्य राहावे. शिवाय एक नियम अटळ मानावा: कोणत्याही ओळीत उत्तर आधीपासून भरलेले नसावे. अनेक केंद्रांत ‘नॉर्मल’ रिपोर्ट तयार ठेवलेला असतो आणि दोष दिसला तेवढे वाक्य बदलले जाते. त्या पद्धतीत ‘रक्तस्राव: नाही’ ही ओळ कुणी न पाहताही छापून येऊ शकते, आणि वर, ठळक अक्षरांत आल्यामुळे तिच्यावर विश्वासही अधिक बसतो. रिकामी ओळ असताना रिपोर्ट पुढे जाऊ नये, आणि ती भरायला माणसाचा हात लागावा.

सार्वजनिक पैशाने होणाऱ्या करारांत आज साधारणपणे सीटी झाल्यापासून अंतिम रिपोर्ट अपलोड होईपर्यंतचा वेळ मोजला जातो. हा मोजमापाचा दोष आहे. एका तासात आलेला परिपूर्ण, पण शरीररचनेच्या क्रमाने लिहिलेला रिपोर्ट या हिशेबात वेळेवर ठरतो, आणि वरच्या उदाहरणातल्या बाईंच्या दृष्टीने तो निकामी असतो. पक्षाघाताच्या स्कॅनसाठी वेगळी मुदत हवी: शेवटच्या प्रतिमेपासून फोन होईपर्यंत पंधरा मिनिटे, आणि त्याखालच्या सविस्तर रिपोर्टला हवे तर एक-दोन तास. फोनचा तास-मिनिट रिपोर्टमध्ये असल्यामुळे ही मुदत तपासायला वेगळी यंत्रणा लागत नाही. दर्जाही त्याच कागदांवरून तपासता येईल. दुसऱ्या दिवशी बहुतेक रुग्णांचा पुन्हा सीटी होतो. महिन्याच्या शेवटी पहिल्या दिवसाच्या वरच्या ओळी या दुसऱ्या स्कॅनशेजारी ठेवाव्यात आणि तीन प्रकारच्या चुका वेगवेगळ्या मोजाव्यात. रक्तस्राव हुकला का, बाजू चुकली का, आणि उत्तर बरोबर असूनही उशिरा कळवले गेले का. तिसऱ्या प्रकारची चूक आज कुठल्याच नोंदवहीत येत नाही, आणि करार करणाऱ्या आरोग्य विभागाने तीच आधी मागवावी.